सहा महिन्यांचा करार प्रत्यक्षात दीड वर्षाचा

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेथडिंग बघतो. अकरा वर्षं झाली. सीटीसी ९ लाख, नोटीस पिरियड दोन महिने. पुण्याच्या एका प्लेसमेंट एजन्सीचा फोन आला, १२ लाखांपर्यंतच्या जागा आहेत म्हणाले. पण सहा महिने दुसऱ्या एजन्सीकडे जायचं नाही आणि स्वतःही कुठं अर्ज करायचा नाही, असं ५०० च्या स्टॅम्पवर लिहून द्या म्हणतात. माझ्याकडून पैसे मागितलेले नाहीत. कागलच्या एका कंपनीत माझे जुने साहेब आहेत, तेही 'ये' म्हणतायत, पण तिथं अजून काही पक्कं नाही. कराराचा मसुदा सोबत जोडलाय. सही करू का? आधी काय काय विचारून घेऊ?
— एक वाचक, उचगाव

उत्तर: आहे त्या मसुद्यावर सही करू नका. पण एजन्सीला सरळ नकारही देऊ नका. तुमच्या मसुद्यातली अर्धी मागणी रास्त आहे आणि अर्धी नाही. ती वेगळी करायची तर एजन्सीचं पोट कशावर चालतं, हे आधी बघावं लागेल.

अशा एजन्सीला पैसे कंपनी देते, तेही उमेदवार रुजू झाला तरच. मधल्या फळीच्या जागांना बहुतेक ठिकाणी ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या सीटीसीतला एका महिन्याचा हिस्सा, असा दर चालतो. वरच्या पदांना आणि सहज न मिळणाऱ्या माणसांना तो वाढतो. तुम्ही १२ लाखांवर लागलात तर एजन्सीला सुमारे एक लाख रुपये मिळतील आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून कंपनीच्या खिशातून साधारण १ लाख १८ हजार जातील. एकाच जागेवर तीन-चार एजन्सी धावत असतात आणि बहुतेक कंपन्यांत नियम असा की ज्याच्याकडून सीव्ही आधी आला, फी त्याची. महिनाभर फोन करून, मुलाखत जुळवून, शेवटी तुमचा सीव्ही दुसऱ्या एजन्सीकडून एक दिवस आधी पोचला होता असं निघालं, तर पहिलीच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून ती तुम्हाला बांधून घेऊ पाहते. ही भीती खरी आहे, त्यात लबाडी नाही.

पण त्या भीतीवर 'अमुक कंपनीच्या अमुक जागेसाठी मला फक्त तुम्हीच पाठवा' एवढं लिहून दिलं तरी पुरतं. तुमच्या मसुद्यात मागितलंय ते 'सहा महिने, कुठल्याही कंपनीसाठी, फक्त तुम्हीच'. पहिल्याला हो म्हणायला काही हरकत नसते. दुसऱ्यात तुम्ही अख्खे गहाण पडता आणि बदल्यात एजन्सी कशालाही बांधलेली नाही. मसुदा पुन्हा वाचून बघा: किती कंपन्यांकडे पाठवणार, किती दिवसांत, यातलं एक अक्षर नाही. सगळी कलमं तुमच्यावर.

म्हणून पहिला प्रश्न साधा विचारा: आज तुमच्या हातात माझ्यासाठी कोणत्या कंपनीची कोणती जागा आहे?

उत्तर बहुधा 'नाव कॉन्फिडेन्शियल आहे' असं येईल. हे नेहमीच खोटं नसतं. कधी कधी खुर्चीवरच्या माणसाला बदलायचं असतं आणि त्याला कळू द्यायचं नसतं. शिवाय नाव कळलं की तुम्ही परस्पर अर्ज टाकाल, ही धास्ती असतेच. यातून वाट काढता येते. 'नाव कळल्यावर त्या जागेसाठी ३० दिवस मी थेट किंवा दुसऱ्या कुणामार्फत अर्ज करणार नाही, पण त्या कंपनीशी माझं आधीच बोलणं झालं असेल तर लगेच कळवीन' एवढा एक ईमेल तुम्ही आधी पाठवा आणि मग फोनवर नाव विचारा. ज्याच्या हातात खरंच जागा आहे, तो एवढ्यावर नाव सांगतो. तरीही नाव येत नसेल, तर जागाच नसण्याची शक्यता मोठी.

नाव मिळालं की दुसरा प्रश्न: या कंपनीशी तुमचा करार आहे का, आणि ही जागा फक्त तुमच्याकडे आहे की आणखी एजन्सींकडेही? उत्तरं तीन प्रकारची येतात. 'फक्त आमच्याकडे आहे, कंपनीनं शोधाचे काही पैसे आगाऊ दिलेत' असं असेल तर त्या जागेपुरतं बांधून घेण्यात तुमचं काहीच जात नाही, कारण तिथं जायला दुसरी वाट जवळपास नसतेच. 'कंपनीच्या पॅनेलवर आहोत, जागा इतरांकडेही गेलीय' हे सगळ्यात नेहमीचं उत्तर. तिथं त्या जागेपुरती, महिना-दीड महिन्याची मुभा द्यावी. तिसरं उत्तर म्हणजे 'आमच्या सगळीकडे ओळखी आहेत, तुमचं प्रोफाइल आम्ही मार्केटमध्ये फिरवू'. याचा अर्थ हातात जागा नाही, तुमचा सीव्ही हाच त्यांचा माल आहे. तुमच्या मसुद्याची भाषा मला या तिसऱ्या प्रकारची वाटते, म्हणून इथं जरा थांबू.

फिरवणं म्हणजे नेमकं काय होतं, तर वीस-पंचवीस कंपन्यांच्या एचआरला न मागता तुमचा सीव्ही जातो. बऱ्याच एचआर तो उघडूनही बघत नाहीत, पण त्यांच्याकडच्या नोंदीत तो चढतो. ही नोंद तुमच्या मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर बसते आणि शेजारी एजन्सीचं नाव आणि तारीख. पुढं चार महिन्यांनी त्याच कंपनीची जाहिरात बघून तुम्ही स्वतः अर्ज करता. एचआरनं तुमचा नंबर टाकताच पडद्यावर दिसतं की हा उमेदवार अमुक एजन्सीकडून आधीच आलेला आहे. आता तुम्हाला घेतलं तर लाखभर फी मागायला एजन्सी दारात उभी राहू शकते. थेट आलेला, कसलाही वाद नसलेला दुसरा चांगला माणूस यादीत असेल, तर एचआर गुपचूप तुमचं नाव खाली सरकवते. तुम्हाला कळवत कुणीच नाही. 'प्रोफाइल सूट झालं नाही' एवढाच निरोप येतो, तोही आला तर.

दुसरा धोका आपल्या गावाचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल मिळून फौंड्रीवाल्यांचं जग तसं लहान. खरेदीवाले, पॅटर्नवाले, एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात. तुमचा सीव्ही पंचवीस ठिकाणी गेला, तर त्यातली एक प्रत तुमच्या सध्याच्या मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर यायला आठवडा लागत नाही. 'मेथडिंग, अकरा वर्षं, शिरोली' एवढ्यावरच नाव झाकलेलं असलं तरी माणूस ओळखू येतो. म्हणून तिसरा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं: प्रत्येक वेळी सीव्ही पाठवण्याआधी कंपनीचं नाव सांगून माझा होकार घ्याल का? होकार व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीचा असला तरी चालतो, पण तारीख आणि कंपनीचं नाव त्यात हवं. एवढी एकच अट मान्य झाली, तर फिरवाफिरवीचा बराचसा त्रास आपोआप थांबतो. शिवाय तुम्ही कुठं कुठं 'गेलात' याची यादी तुमच्याकडेही राहते.

आता मुदत. मसुद्याचं पहिलं कलम सहा महिन्यांचं आहे, पण खरी मेख चौथ्या कलमात आहे. त्यात म्हटलंय की कराराच्या काळात एजन्सीनं ज्या ज्या कंपनीला तुमचं नाव कळवलं, तिथं पुढचे १२ महिने तुम्ही एजन्सीचेच उमेदवार. तारखा घालून बघा. समजा तुम्ही १ जूनला सही केलीत. करार ३० नोव्हेंबरला संपतो. एजन्सीनं २८ नोव्हेंबरला, म्हणजे संपायला दोन दिवस असताना, तीस कंपन्यांना तुमचा सीव्ही ईमेल केला. त्या तीस कंपन्यांची दारं पुढल्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरपर्यंत एजन्सीच्या नावानं बंद. सहा महिन्यांचा म्हणून सही केलेला करार, बघता बघता दीड वर्षाचा.

करारानंतरची अशी शेपटी मुळात चुकीची नाही. कंपनी आणि एजन्सी यांच्या आपसातल्या करारात ती असतेच, सहसा सहा ते बारा महिन्यांची. ती तुमच्या करारात येताना मात्र दोन दुरुस्त्या हव्यात. एक, शेपटी फक्त अशाच कंपन्यांना लागू व्हावी जिथं तुमच्या लेखी होकारानं सीव्ही गेला *आणि* मुलाखत झाली. नुसता ईमेल गेला एवढ्यावर नाही. दोन, करार संपला की सात दिवसांत एजन्सीनं त्या कंपन्यांची यादी तुम्हाला पाठवावी; यादीत नाव नसेल ती कंपनी मोकळी. मूळ मुदतही सहा महिने कशाला? आपल्याकडच्या मधल्या जागेची मुलाखत, कारखाना बघणं, ऑफर हे सगळं साधारण चार ते आठ आठवड्यांत होतं किंवा होत नाही. एका जागेसाठी ३० दिवस द्या, मुलाखत चालू असेल तर आणखी ३० वाढवा. मुदत आपोआप वाढेल अशी ओळ कुठं दडलेली नाही ना, तेही बघा. तुमच्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ती आहे: 'लेखी न कळवल्यास पुढील सहा महिन्यांसाठी'. ती खोडायला लावा.

कागलची गोष्ट वेगळी हाताळायची, कारण तुमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होऊ शकतं. मसुद्याप्रमाणे सही केलीत आणि दोन महिन्यांनी तुमच्या साहेबांनी 'ये' म्हटलं, तर काय? एजन्सी म्हणणार, आमच्यामार्फत जा. साहेबांची कंपनी म्हणणार, या एजन्सीशी आमचा करारच नाही, आम्ही तुला वर्षानुवर्षं ओळखतो, मग १ लाख १८ हजार कशाचे? लहान-मध्यम फौंड्रीचा मालक एवढ्यावर प्रस्ताव गुंडाळून ठेवतो आणि त्याला दोष देता येत नाही. एजन्सीला वगळून गेलात तर पाचव्या कलमातली भरपाई तुमच्या अंगावर: वार्षिक सीटीसीच्या १० टक्के. सीटीसी जुनी की नवी, हे लिहिलेलं नाही. नवी १२ लाखांची धरली तर १ लाख २० हजार. गंमत बघा, एजन्सीनं तुम्हाला नीट नोकरी लावून दिली असती तर तिला एक लाख मिळाले असते. तुम्ही मोडलंत तर तिला त्याहून जास्त.

याला तोड म्हणजे वगळलेल्या कंपन्यांची यादी. करारासोबत एक पान जोडायला सांगा, त्यावर ज्यांच्याशी तुमचं आधीच बोलणं आहे अशा कंपन्यांची नावं. कागलची कंपनी पहिली. शिवाय गेल्या वर्षभरात ज्यांच्याकडे तुम्ही अर्ज केलात त्या, आणि तुमच्या सध्याच्या कंपनीचे ग्राहक, ज्यांचे लोक तुमच्याकडे ऑडिटला येतात आणि जाता जाता 'आमच्याकडे येता का' विचारतात. सध्याच्या मालकाचं नावही घालायला विसरू नका. सीव्ही तिकडं जायला नको. यादी मोठी झाली तर एजन्सी कुरकुरेल. कुरकुरू द्या, पण पहिली दोन-तीन नावं सोडू नका.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. करार चालू असतानाच्या बंधनांकडे न्यायालयं जरा सैलपणे बघतात, संपल्यानंतरच्या बंधनांकडे बरीच कडक नजरेनं. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली भरपाईची रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेली सगळी आपोआप नाही. म्हणजे १ लाख २० हजार तुमच्याकडून सहज वसूल होतील असं नाही. पण यावर विसंबून सही करण्यात शहाणपण नाही. शेवटच्या कलमात 'वाद पुणे न्यायालयात' असं लिहिलंय. कोल्हापुरात आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं असलं तरी अशा रकमेचा दावा खालच्या दिवाणी न्यायालयातच चालतो, आणि तारखेला पुण्याला हेलपाटे तुम्ही घालणार. शिवाय एजन्सीला दावा करायचीही गरज पडत नाही. नव्या कंपनीच्या एचआरला एक वकिली नोटीस गेली की ऑफर लटकते. म्हणून भरपाईचं कलम काढून टाका असंच म्हणा. एजन्सीचा हक्क कंपनीकडून फी घेण्याचा आहे, तो त्यांनी कंपनीशी केलेल्या करारात बघावा.

सहाव्या कलमात एक गोष्ट अशी आहे जी घाईत सहज सुटते: 'रुजू झाल्यापासून ९० दिवसांत नोकरी सोडल्यास एजन्सीचे झालेले नुकसान उमेदवार भरून देईल'. याचं मूळ असं की कंपन्या एजन्सीकडून बदलीची हमी घेतात. उमेदवार ठरावीक दिवसांत, सहसा ९० दिवसांत, निघून गेला तर एजन्सीनं दुसरा माणूस फुकट द्यायचा किंवा फी परत करायची. ती जोखीम एजन्सीच्या धंद्याची आहे. तिनं ती अलगद तुमच्या गळ्यात टाकलीय. आता विचार करा: मुलाखतीत मेथडिंग हेड सांगितलं, आणि तिथं गेल्यावर रात्रपाळीला मेल्टिंगवर उभं केलं. तुम्ही पन्नासाव्या दिवशी सोडलंत, तर एजन्सीचे एक लाख तुम्ही भरायचे. हे कलम कुठल्याही दुरुस्तीनं बरं होत नाही, ते पूर्ण जायला हवं.

बाहेर पडायची वाट मसुद्यात नाहीच. सात दिवसांच्या लेखी सूचनेनं कुणालाही करार संपवता यावा, ईमेल पुरेसा धरावा, एवढं घालून घ्या. आणि तुमचं काम बघणारा माणूस नोकरी सोडून गेला तर काय, हेही विचारा. या धंद्यात माणसं पटापट बदलतात. ज्याच्या भरवशावर तुम्ही सही केलीत, तो तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या एजन्सीत असतो. मग तुमची फाइल कपाटात आणि तुम्ही बांधलेले. मूळ मार्कशीट, सर्टिफिकेट, कोरा चेक यातलं काही मागितलं तर मात्र तिथंच विषय संपवा.

स्टॅम्प पेपर बाजूला ठेवून त्यांना खालचा मजकूर ईमेल करा. इंग्रजीत लिहिलात तरी चालेल:

'आपण कळवलेल्या (कंपनीचं नाव) येथील (पदाचं नाव) या जागेसाठी माझं नाव पाठवण्याची परवानगी मी फक्त आपल्याला देत आहे. ही परवानगी आजपासून ३० दिवसांची आहे. या काळात मुलाखत सुरू झाली तर आणखी ३० दिवस राहील. इतर कोणत्याही कंपनीला माझा सीव्ही पाठवण्याआधी नाव सांगून माझा लेखी होकार घ्यावा. सोबतच्या यादीतल्या कंपन्यांना माझा सीव्ही पाठवू नये. इतर जागांसाठी स्वतः किंवा इतरांमार्फत अर्ज करण्यास मी मोकळा आहे. माझ्याकडून कोणतीही फी किंवा भरपाई देय नाही.'

यावर 'ठीक आहे' असं उत्तर आलं तर काम सुरू करा, त्या जागेपुरते प्रामाणिक राहा, आणि दुसऱ्या एजन्सीनं तीच जागा पुढं केली तर 'तिथं माझं नाव आधीच गेलंय' असं स्पष्ट सांगा. 'आमची पॉलिसी तशी नाही, सगळं किंवा काहीच नाही' असं उत्तर आलं तर एकच विचारा: गेल्या १२ महिन्यांत कास्टिंगच्या कंपन्यांत तुम्ही किती जण लावले आणि कुठल्या पदांवर? माणसांची नावं नकोत, पदं आणि साधारण कंपनीचा आकार सांगा. फौंड्रीत खरंच काम करणाऱ्याला शेल मोल्डिंग आणि ग्रीन सँड यातला फरक माहीत असतो, आणि तो दोन मिनिटांत पाच पदं मोजून दाखवतो. आयटी आणि फार्माची उदाहरणं यायला लागली, तर तुमचा सीव्ही ते कुठं पाठवणार याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आणि हे आजच करा, एजन्सीला ईमेल करायच्या आधी. कागलच्या साहेबांना तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून, कंपनीच्या आयडीवरून नव्हे, सीव्ही पाठवा आणि 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' एवढी एक ओळ वर लिहा. तो त्यांच्या एचआरकडे पुढं पाठवायला सांगा. उद्या कुणीही तिथं तुमचं नाव घेऊन गेलं, तरी नोंदीत पहिली तारीख तुमची असेल.